स्वररेषा येण्याआधीचं ग्रेगोरियन गायन: कसं लिहायचे, कसं गायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मध्ययुगीन युरोपातल्या मठांमध्ये जे एकसुरी लॅटिन प्रार्थनागायन चालायचं, त्याला आज आपण ग्रेगोरियन गायन म्हणतो. त्याची सर्वांत जुनी पूर्ण लिखित पुस्तकं दहाव्या शतकातली आहेत, आणि त्यांत कोणता स्वर गायचा हेच लिहिलेलं नाही, कारण स्वराची जागा दाखवणाऱ्या आडव्या रेषा, म्हणजेच स्वररेषा, तेव्हा आल्या नव्हत्या. तरीही त्यांत खूप काही लिहिलेलं आहे. नेमकं काय लिहिलं आहे आणि काय सोडलं आहे, या एका गोष्टीभोवती इथले बहुतेक प्रश्न फिरतात. स्वर सांगताना मी सी या स्वराला सा धरला आहे, म्हणजे बिलावलसारखे सगळे स्वर शुद्ध येतील आणि हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना वाचताना अडचण येणार नाही.

एकसुरी म्हणजे नक्की काय? चर्चमध्ये तर हार्मनी असते ना?

चर्चमधली हार्मनी नंतरची. ग्रेगोरियन गायनात कितीही माणसं गात असली तरी सगळे एकच चाल, एकाच वेळी, एकाच सुरात गातात. साथीला वाद्य नाही, तंबोऱ्यासारखा सतत वाजणारा आधारस्वर नाही, ठेका नाही. शब्द लॅटिन गद्याचे किंवा स्तोत्रांचे, आणि चाल त्या शब्दांच्या वाक्यरचनेवर चालते.

चालीला दुसरा आवाज जोडण्याची पद्धत नवव्या शतकातच लिखित स्वरूपात दिसते. त्या काळच्या एका शिक्षणग्रंथात मूळ चालीच्या खाली चौथ्या किंवा पाचव्या स्वरावर समांतर गाणारा आवाज समजावून दिला आहे. पण हा दुसरा आवाज सणासुदीला चढवायचा साज होता. रोजचं गायन एकसुरीच राहिलं, आणि लेखनपद्धती जन्माला आली तीही त्याच्यासाठीच.

हे गायन पोप ग्रेगरीनं रचलं का?

नाही. पोप पहिला ग्रेगरी 590 ते 604 या काळात पोप होता. पारव्याच्या रूपातला पवित्र आत्मा त्याच्या कानाशी चाली सांगतो आहे आणि शेजारी लेखनिक लिहून घेतो आहे, अशी चित्रं मध्ययुगीन हस्तलिखितांत भरपूर आहेत. पण त्याच्या काळात चाली लिहिण्याची कोणतीही पद्धत वापरात नव्हती. सेव्हिलचा बिशप इसिडोर 636 मध्ये वारला. त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे की स्वर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर ते नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत.

आज जे ग्रेगोरियन म्हणून ओळखलं जातं ते आठव्या-नवव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात घडलं. 754 मध्ये पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून राजा पेपिनला भेटला. त्यानंतर पेपिननं आणि पुढे त्याचा मुलगा शार्लमेन यानं आपल्या सगळ्या राज्यात रोमसारखंच गायन झालं पाहिजे असं ठरवलं. शार्लमेननं 789 मध्ये काढलेल्या मोठ्या फर्मानात धर्मगुरूंनी रोमन गायन नीट शिकावं असा हुकूम आहे. रोमचे गायक उत्तरेला येऊन शिकवत, तिथले गायक आपल्या कानानं ते घेत, आणि घेताना त्यात स्वतःचं काही मिसळत. या मिश्रणाला जुन्या पोपचं वजनदार नाव मिळालं. लिहिण्याची गरज निर्माण झाली तीही याच घालमेलीतून, असं मला वाटतं. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या गायलं जाणारं कुणी लिहीत बसत नाही, पण ते शेकडो मैलांवरच्या मठांत जसंच्या तसं गायलं जावं अशी राजाज्ञा निघाली की स्मरणशक्तीला कशाचा तरी टेकू लागतो.

लिहिता येत नव्हतं, तर इतक्या चाली पाठ कशा राहायच्या?

रोजच्या गाण्यानं. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे मठात बायबलमधली सगळी 150 स्तोत्रं दर आठवड्याला पूर्ण व्हायची. त्यासाठी मध्यरात्रीनंतरच्या प्रार्थनेपासून झोपण्याआधीच्या प्रार्थनेपर्यंत दिवसाला आठ बैठका असत, आणि मिस्साचं, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनाविधीचं, गायन वेगळं. पाचव्या-सातव्या वर्षी मठात आलेलं मूल या गाण्यातच वाढायचं. त्याच नियमाच्या पंचेचाळिसाव्या प्रकरणात म्हटलं आहे की प्रार्थनाघरात स्तोत्र म्हणताना चूक झाली तर मोठ्यानं सर्वांसमोर नम्र होऊन ती मान्य करावी, आणि मुलांना त्या चुकीबद्दल मार द्यावा.

चालींची बांधणीही पाठांतराला मदत करायची. बऱ्याच गाण्यांची चाल स्वतंत्र नव्हती. मिस्सातल्या ‘ग्राद्युआल’ नावाच्या प्रकारात दुसऱ्या मोडमधल्या, म्हणजे एकाच ठरावीक स्वरव्यवस्थेतल्या, गाण्यांचा एक मोठा गट आहे. ईस्टरचं ‘एक दीएस’ त्यात येतं आणि संतांच्या सणाचं ‘युस्तुस ऊत पाल्मा’ही. शब्द वेगळे, प्रसंग वेगळे, पण चालीचा सांगाडा तोच. सुरुवातीची वळणं, मधली थांबायची जागा, शेवटी येणारी लांबलचक आलापी, हे सगळं ठरलेलं. गायकाला नवीन शब्द त्या सांगाड्यावर कसे बसवायचे एवढंच लक्षात ठेवायचं असे.

तरी लांब चाली निसटायच्या. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठातला नोटकर नावाचा साधू 912 मध्ये वारला. त्यानं आपल्या पद्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की तरुणपणी त्या लांब, शब्दहीन आलापी लक्षात ठेवायचा प्रयत्न करूनही त्या मनातून पळून जायच्या. मग ज्युमिएजच्या उद्ध्वस्त मठातून आलेल्या एका धर्मगुरूच्या पुस्तकात त्याला त्या आलापींखाली शब्द बसवलेले दिसले, आणि त्यालाही तसं करायची कल्पना सुचली. एका स्वराला एक अक्षर मिळालं की आलापी पाठ राहते. लिखित चिन्हं हाताशी असूनही नोटकरनं शब्दांचा आधार शोधला, हे लक्षात घ्यायला हवं.

न्यूम म्हणजे काय, आणि ते कसे दिसतात?

शब्दांच्या वर लिहिलेली छोटी चिन्हं म्हणजे न्यूम. एका न्यूममध्ये एका अक्षरावर येणारा एक किंवा अधिक स्वर असतात. सांक्ट गालेनच्या पद्धतीत आजूबाजूपेक्षा उंच असलेल्या एकट्या स्वराला तिरपी उभी रेघ काढतात, तिचं नाव विर्गा. खालच्या एकट्या स्वराला छोटी आडवी रेघ, त्राक्तुलुस. खालून वर जाणारे दोन स्वर एका अक्षरावर असले तर पेस, आणि वरून खाली येणारे दोन असले तर क्लिविस. खाली-वर-खाली असे तीन म्हणजे तोरकुलुस, आणि वर-खाली-वर म्हणजे पोरेक्तुस. लेखणी न उचलता एका झटक्यात काढलेल्या या आकारांतच आवाज कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते दिसतं.

या मूळ आकारांवर बारकावे चढवलेले असतात. लॅटिनमध्ये ल, म, न, र असा व्यंजनान्त आवाज आला की त्या स्वराचं टोक नाजूकपणे विरघळून पुढच्या अक्षरात जायचं, आणि त्यासाठी न्यूमचं टोक वेगळ्या पद्धतीनं वळवलेलं असतं. ‘क्विलिस्मा’ नावाचं दातेरी चिन्ह बहुधा वर चढताना मधल्या स्वरावर येतं. तिथे आवाज कंपित करायचा, की हलक्यानं ओलांडून वरच्या स्वरावर जायचं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

मग नुसत्या न्यूमवरून चाल गाता येते का?

ती चाल आधी ऐकली नसेल तर नाही. हे पटण्यासाठी एक ओळ घेऊन पाहू.

‘ऊत क्वेआंत लाक्सिस’ ही बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानच्या स्तोत्राची पहिली ओळ. तिची चाल आज आपल्याला ठाऊक आहे: ‘ऊत’वर सा, ‘क्वे’वर रे, ‘आंत’वर म, ‘लाक्’वर रे-ग असे दोन स्वर, आणि ‘सिस’वर रे. ही ओळ सांक्ट गालेनच्या पद्धतीनं रेषांशिवाय लिहायची ठरवली तर ‘ऊत’वर आडवी रेघ येईल, ‘क्वे’ आणि ‘आंत’वर तिरप्या रेघा, ‘लाक्’वर पेस आणि ‘सिस’वर पुन्हा आडवी रेघ.

आता उलट जाऊ. ही पाच चिन्हं समोर आहेत आणि चाल ठाऊक नाही. पहिला स्वर खालचा आहे, हे कळतं. पण तो सा की रे की प, हे कळत नाही. दुसरा वर आहे, पण एका स्वरानं वर की तिनानं? तिसरा दुसऱ्याच्या वर की बरोबरीनं? पेसमध्ये दोन स्वर चढते आहेत, पण त्यांच्यात अंतर किती? सा-ग-ग-रेम-रे गायलं तरी ही चिन्हं खोटी ठरत नाहीत, आणि रे-म-प-मप-ग गायलं तरीही नाहीत. चिन्हांत दिशा आहे, अंतर नाही.

पण ज्याला चाल पाठ आहे त्याला हीच पाच चिन्हं पुरेशी होतात. ‘लाक्’वर दोन स्वर घ्यायचे आहेत, एक नव्हे, आणि ते चढते आहेत, हे त्याला आठवतं आणि तो अडत नाही. घरच्या वाणसामानाच्या यादीत आई ‘नेहमीचा तांदूळ’ एवढंच लिहिते आणि घरातल्याला ते पुरतं, तसंच हे. लेखन अपुरं होतं असं म्हणण्यापेक्षा ते त्या घरातल्या माणसासाठी लिहिलेलं होतं असं मी म्हणेन.

स्वर लिहिलेच नाहीत तर या पुस्तकांत इतकं काय आहे?

चाल कशी गायची ते. आणि हा भाग थक्क करणारा आहे.

सांक्ट गालेनच्या मठग्रंथालयात 359 क्रमांकाचं एक उंच, अरुंद पुस्तक आहे, दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातलं. त्यात फक्त एकट्या गायकानं गायच्या रचना आहेत. ते ज्या पेटीत ठेवलेलं आहे तिच्यावरच्या हस्तिदंती पट्ट्या पुस्तकापेक्षाही कितीतरी जुन्या आहेत, आणि त्यांवर ग्रीक देव डायोनिसस भारतीयांशी लढतो आहे असं कोरीव काम आहे. प्रार्थनेच्या पुस्तकाला मद्याच्या देवाची लढाई कशी काय, असा प्रश्न पडतो. पण हस्तिदंत मौल्यवान होता आणि मिळालेला तुकडा कुणी वाया घालवत नसे.

त्या पानांवर न्यूमच्या जोडीला बारीक अक्षरं दिसतात. त्यांचा खुलासा नोटकरनं एका पत्रात वर्णमालेच्या क्रमानं केला आहे. ‘सी’ म्हणजे लवकर, ‘टी’ म्हणजे ओढून धर, ‘एक्स’ म्हणजे जरा थांब. ‘एस’ किंवा ‘एल’ म्हणजे वर जा, ‘आय’ म्हणजे खाली, ‘ई’ म्हणजे मागच्याच स्वरावर राहा. काही न्यूमच्या टोकाला छोटी आडवी रेघ जोडलेली असते, तीही स्वर लांबवायला सांगते. आता उत्तर फ्रान्समधल्या लाँ शहराच्या ग्रंथालयातलं 239 क्रमांकाचं हस्तलिखित पाहा. तेही त्याच शतकातलं, पण त्याची चिन्हं अगदी वेगळी आहेत, बरीचशी सुट्या ठिपक्यांसारखी. अक्षरंही सगळी तीच नाहीत. तरीही एखाद्या चालीत सांक्ट गालेनचा लेखक ज्या स्वरावर रेंगाळायला सांगतो, लाँचा लेखकही पुष्कळदा त्याच स्वरावर रेंगाळायला सांगतो. दोन ठिकाणं एकमेकांपासून कितीतरी दूर, लिपी वेगळ्या, आणि श्वासाची जागा एकच. म्हणजे हा लयीचा बारकावा एखाद्या लेखकाच्या मनचा नव्हता, तो परंपरेत होता.

ही पुस्तकं लिहायचे कशी?

आधी चर्मपत्रावर टोकदार हत्यारानं कोरड्या रेघा दाबून ओळी आखायच्या. मग शब्द लिहायचे, बोरूऐवजी हंसाच्या पिसाच्या लेखणीनं. न्यूम शेवटी, पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या हातानं. शब्द लिहिणाऱ्याला चालीची जाण असली तर जिथे लांब आलापी आहे तिथे तो अक्षरांमध्ये जागा मोकळी सोडायचा. नसली तर न्यूमांची दाटी व्हायची आणि ती रांग तिरपी वर चढत जायची किंवा समासात घुसायची. चढत गेलेली रांग पाहून चाल वर चाललीय असं वाटू शकतं. प्रत्यक्षात तिथे फक्त जागा संपलेली असते.

ही छोटी पुस्तकं गाताना सगळ्यांसमोर उघडी नसत. गायनप्रमुख ती आधी पाहून घ्यायचा, तालीम द्यायचा, शंका आली तर तपासायचा. रात्रीच्या प्रार्थनेला तर तेलाच्या दिव्यात वाचणार कोण! सगळा समूह उभा राहून वाचेल एवढी प्रचंड पुस्तकं नंतरच्या शतकांची आहेत.

गायन प्रत्यक्षात कसं चालायचं? एक उदाहरण द्या.

स्तोत्रगायन घेऊ, कारण रोजचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. साधू समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. आधी ‘अँटिफन’ नावाची छोटी चाल होते, मग स्तोत्र, आणि शेवटी पुन्हा तीच अँटिफन. स्तोत्राची कडवी दोन्ही रांगा आळीपाळीनं म्हणतात.

स्तोत्राच्या कडव्याला पूर्ण चाल नसते, एक साचा असतो. असे मुख्य आठ साचे आहेत. आठव्या साच्यात स्तोत्र 109 चं पहिलं कडवं असं म्हणतात: ‘दीक्सित दोमिनुस दोमिनो मेओ’. ‘दीक्’वर मंद्र प, ‘सित’वर मंद्र ध, ‘दो’वर सा, ही झाली सुरुवात. मग ‘मिनुस दोमिनो’ सगळं सा या एकाच स्वरावर, बोलण्याच्या वेगानं. ‘मे’वर रे, ‘ओ’वर परत सा. इथे अर्धं कडवं झालं आणि सगळे एकत्र थांबतात. ही शांतता काटेकोर पाळली जायची, पुढचा श्वास सगळ्यांनी मिळून घ्यायचा. दुसरं अर्धं, ‘सेदे आ देक्स्त्रिस मेइस’: ‘सेदे आ’ सा वर, मग ‘देक्स’ मंद्र नि, ‘त्रिस’ सा, ‘मे’ मंद्र ध, ‘इस’ मंद्र प. समोरच्या रांगेनं शेवटचं अक्षर संपू द्यायचं आणि मगच आपलं कडवं उचलायचं. पुढच्या कडव्यांना सुरुवातीचे दोन चढते स्वर नसतात, थेट सा वरून सुरू. कडवं लांब असो की आखूड, फक्त सा वर म्हणायची अक्षरं कमी-जास्त होतात.

शेवटची लकेर मात्र एका साच्यात एकापेक्षा जास्त प्रकारची असू शकते, कारण तिथून पुन्हा अँटिफनच्या पहिल्या स्वरावर सहज पोचायचं असतं. कोणती लकेर घ्यायची हे हस्तलिखितात अँटिफनच्या शेवटी एका विचित्र अक्षरमालेवर लिहिलेलं असतं: ए-ऊ-ओ-ऊ-आ-ए. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘सेकुलोरुम आमेन’ या शब्दांचे हे नुसते स्वरवर्ण. व्यंजनं गाळून लेखकांनी चर्मपत्र वाचवलं.

मिस्सातलं ‘ग्राद्युआल’ याच्या अगदी उलट असतं. तिथे एकटा कसलेला गायक सुरुवात करतो, समूह त्याला मिळतो, मग मधलं कडवं पुन्हा एकट्याचं, आणि त्यात एका अक्षरावर वीस-तीस स्वरांची आलापी सहज येते. सांक्ट गालेनचं ते अरुंद पुस्तक अशाच गायकासाठी होतं.

सुरुवातीचा स्वर ठरलेला नव्हता. गायनप्रमुखानं समूहाच्या गळ्याला झेपेल असा उचलायचा.

रेषा कुणी आणल्या?

स्वराची उंची दाखवायचे प्रयत्न आधीपासूनच चालू होते. नैर्ऋत्य फ्रान्समधले लेखक सुटे ठिपके कल्पित किंवा कोरड्या कोरलेल्या एका रेघेच्या वर-खाली काळजीपूर्वक अंतर ठेवून मांडत. पण आजच्या स्वरलिपीपर्यंत जाणारी पद्धत इटलीतल्या आरेत्सोच्या ग्विदोची, साधारण 1025 ते 1030 च्या दरम्यानची.

ग्विदो पोंपोसाच्या मठात होता. तिथल्या साधूंच्या मत्सराला कंटाळून तो आरेत्सोच्या बिशपकडे आला आणि कॅथेड्रलच्या गायकांना शिकवू लागला. आपल्या गायनपुस्तकाच्या प्रस्तावनेत तो चिडूनच लिहितो की गायकांनी शंभर वर्षं रोज गायलं तरी गुरूशिवाय स्वतःच्या बळावर एक छोटी अँटिफनही त्यांना गाता येणार नाही. त्याचा उपाय असा. स्वर रेषांवर आणि रेषांमधल्या जागांत बसवायचे, म्हणजे एकाच जागेवरचा प्रत्येक स्वर एकच. आणि दोन रेषा रंगवायच्या: एफ स्वराची तांबडी, सी स्वराची पिवळी.

हेच दोन का? आपल्या सरगममध्ये पाहा. सी म्हणजे सा, एफ म्हणजे म. शुद्ध सप्तकात नि-सा आणि ग-म या दोनच ठिकाणी अर्ध्या स्वराचं अंतर आहे, बाकी सगळीकडे पूर्ण स्वराचं. गायक चुकतो तो नेमका इथे. रंगीत रेघ दिसली की तिच्या लगेच खालचा स्वर जवळचा आहे हे नजरेलाच कळतं. पाश्चात्त्य स्वरलिपीत ओळीच्या सुरुवातीला येणारी जी वळणदार खूण आहे, ती या रेषांपाशी लिहिलेल्या अक्षरांचंच पुढे नक्षीदार झालेलं रूप.

डो-रे-मी त्याचंच का?

हो, मूळ त्याच्याकडे जातं. वर घेतलेल्या ‘ऊत क्वेआंत लाक्सिस’ स्तोत्राच्या चालीत पहिल्या सहा अर्ध्या ओळी क्रमानं एकेक स्वर वर सुरू होतात: ऊत सा वर, ‘रेसोनारे’ रे वर, ‘मीरा’ ग वर, ‘फामुली’ म वर, ‘सोल्वे’ प वर आणि ‘लाबी’ ध वर. शब्द जुने होते, पण ही चढती चाल बहुधा ग्विदोनंच शिकवण्यासाठी रचली किंवा जुळवली असावी. विद्यार्थ्यानं स्तोत्र पक्कं पाठ करायचं. अनोळखी चालीत एखादा स्वर अडला की तो कोणत्या अर्ध्या ओळीच्या सुरुवातीशी जुळतो ते मनात गाऊन पाहायचं. म्हणजे लिहिलेलं वाचण्यासाठीही त्यानं पाठांतराचाच आधार घेतला, पण हजारो चालींच्या जागी एकच चाल पाठ केली की झालं.

सातवा स्वर त्या सहांत नाही. ‘सी’ हे त्याचं नाव, वरच्या सी स्वराहून वेगळं, बरंच नंतर आलं आणि ‘ऊत’च्या जागी ‘डो’ही. बोटांच्या पेरांवर स्वर दाखवणारी प्रसिद्ध ‘ग्विदोची हस्तरेखा’ त्याच्या स्वतःच्या लेखनात सापडत नाही.

पोपला हे पटलं कसं?

पोप एकोणिसाव्या जॉननं दूत पाठवून ग्विदोला बोलावून घेतलं. ही हकीकत ग्विदोनंच आपल्या मित्राला, मायकेल नावाच्या साधूला, पत्रात कळवली आहे. पोपनं ग्विदोचं ते गायनपुस्तक आश्चर्यानं पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं, प्रश्न विचारले, आणि कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गाईपर्यंत तो जागचा उठला नाही. याच पत्रात ग्विदो सांगतो की ज्याला पूर्वी दहा वर्षं लागायची आणि तरीही ज्ञान अर्धवट राहायचं, ते आता एका वर्षात, फार तर दोनांत होतं. रोमचा दमट उन्हाळा त्याला मानवला नाही, म्हणून तो तिथून निघाला.

रेषा आल्यावर काही हरवलं का?

हो, आणि माझ्या मते हेच सर्वांत कमी सांगितलं जातं. रेषांवर स्वराची जागा पक्की झाली, पण ‘सी’ आणि ‘टी’ ही अक्षरं, लांबवणाऱ्या बारीक रेघा, दातेरी चिन्हं हळूहळू गळत गेली. बाराव्या-तेराव्या शतकात चौकोनी स्वरचिन्हं आणि चार रेषा रूढ झाल्या, तेव्हा पानावरचे बहुतेक स्वर सारख्या वजनाचे दिसू लागले. दिसतं तसंच गायलं जातं. लवचिक चालीचं गायन पुष्कळ ठिकाणी सपाट आणि संथ झालं. दहाव्या शतकातल्या लेखकानं ‘कसं’ लिहिलं आणि ‘काय’ गायकावर सोडलं. तेराव्या शतकातल्या लेखकानं नेमकं उलट केलं.

सगळ्यांनी घाईनं नवं स्वीकारलं असंही नाही. सांक्ट गालेनमध्ये रेषांशिवाय लिहिणं पुढे बराच काळ चालू राहिलं. त्यांना चाली पाठ होत्या आणि त्यांची चिन्हं त्यांना हवं ते सांगत होती.

बायका गायच्या का?

साध्वींच्या मठांत त्याच गायत, त्याच बैठका, तीच स्तोत्रं. बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179) हिनं स्वतःच्या मठासाठी रचलेल्या चाली तिच्या हयातीतच लिहिल्या गेल्या, रेषांवर, जर्मन धाटणीच्या न्यूमांत. तिच्या चाली नेहमीच्या गायनापेक्षा पल्ल्यानं मोठ्या आहेत, आवाजाला सप्तकभर उडी घ्यायला लावणाऱ्या. 1178 मध्ये माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी एका दफनावरून तिच्या मठावर गायनबंदी घातली. तिनं त्यांना लिहिलेल्या पत्रात देवाची स्तुती गाण्यापासून थांबवणाऱ्यांना खरमरीत इशारा दिला आहे, आणि बंदी पुढच्या वर्षी उठली.

रेषा नसलेले न्यूम आज वाचता येतात ते कसे?

तुलनेनं. एखाद्या गाण्याचं दहाव्या शतकातलं रेषाहीन पान आणि बाराव्या शतकातलं रेषांवरचं पान शेजारी ठेवायचं. नव्यातून स्वर घ्यायचे, जुन्यातून लय आणि बारकावे. जुन्या पानावर एका अक्षरावर तोरकुलुस असेल आणि नव्यावर दोनच स्वर असतील, तर कुठेतरी परंपरा बदलली किंवा लेखक चुकला हे लगेच उघड होतं, आणि मग तिसरं-चौथं हस्तलिखित तपासावं लागतं.

मोंपेलिएच्या ग्रंथालयात अकराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पुस्तक आहे ज्यात न्यूम आणि त्याखाली स्वराची अक्षरं, दोन्ही एकत्र लिहिली आहेत. 1847 मध्ये ते अभ्यासकांच्या हाती लागलं तेव्हा जणू किल्लीच सापडली. पुढे फ्रान्समधल्या सोलेम मठातल्या साधूंनी 1889 पासून हस्तलिखितांची छायाचित्रं छापायला सुरुवात केली. वर आलेलं ‘युस्तुस ऊत पाल्मा’ हे एकच गाणं त्यांनी दोनशेहून अधिक हस्तलिखितांतून छापून दाखवलं. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या शतकांतली चाल मूलतः एकच आहे हे कुणालाही डोळ्यांनी पाहता आलं.

लयीबद्दलचा वाद मात्र मिटलेला नाही. सोलेमची जुनी पद्धत सगळे स्वर जवळपास सारख्या लांबीचे धरते. काहींच्या मते लांब स्वर आखूड स्वराच्या नेमका दुप्पट होता. विसाव्या शतकात सोलेमच्याच दों यूजेन कार्दिननं न्यूमांचा बारकाईनं अभ्यास करून मांडलं की लांबी शब्दोच्चाराप्रमाणे कमी-जास्त होते, मोजपट्टीनं नाही. मला कार्दिनचं म्हणणं पटतं. ‘थोडं थांब’ असं अक्षर लिहिणारा माणूस मात्रा मोजून घेत असेल असं वाटत नाही.

गोव्याशी याचा काही संबंध?

आहे. पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर लॅटिन प्रार्थनागायन सोळाव्या शतकात गोव्यात आलं. पुढे चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमध्ये ‘मेस्त्र’ मुलांना सोल्फा शिकवत, म्हणजे ग्विदोच्या अक्षरांनी स्वर वाचायला. गोव्याच्या कितीतरी वादकांचा पाया याच शाळांत घातला गेला, आणि पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत लिहिलेले स्वर पाहून वाजवणारे हात तिथूनच आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चचा रोजचा विधी कोकणीत आला आणि लॅटिन गायन मागे पडलं.

मूळ पानं पाहायची असतील तर?

सांक्ट गालेनची हस्तलिखितं e-codices.ch वर मोफत पाहता येतात. तिथे Cod. Sang. 359 शोधा. पहिल्यांदा पाहताना चाल वाचायचा प्रयत्न करू नका. आधी एका ओळीवर फक्त तिरप्या आणि आडव्या रेघा वेगळ्या ओळखा, मग पेस आणि क्लिविस. त्यानंतर बारीक ‘सी’ आणि ‘टी’ शोधा. ‘सी’ बऱ्याचदा एका स्वरावर न थांबता लांब शेपटीनं पुढच्या दोन-तीन न्यूमवर पसरलेली असते, तेवढा सगळा भाग झरझर गायचा. मग त्याच गाण्याची एखादी चांगली ध्वनिफीत लावा आणि बोट पानावर ठेवून ऐका. गायक ‘टी’पाशी रेंगाळला की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.